पदवी प्रमाणपत्रावरील नावाच्या दुरुस्तीसाठी विद्यापीठाला पत्र कसे लिहावे

प्रश्न: माझी बी.कॉम.ची पदवी टपालाने आली. मराठीतील नाव ‘वैष्णवी’ असे बरोबर आहे, पण रोमन अक्षरांत VAISHNAVI ऐवजी VAISHANVI छापले आहे. सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांवर नाव बरोबर आहे. विद्यापीठाला पत्र कोणाच्या नावे आणि कसे लिहावे, सोबत काय जोडावे आणि मूळ पदवी पाठवून द्यावी का? मी सध्या नोकरीनिमित्त परगावी आहे.

उत्तर: मी अनेक वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात परीक्षाविषयक काम पाहिले आणि अशी बरीच पत्रे विद्यार्थ्यांकडून लिहून घेऊन विद्यापीठाकडे पाठवली. त्या अनुभवातून सांगते की, पत्राची भाषा किती नम्र आहे यापेक्षा पत्र वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन गोष्टी पहिल्या परिच्छेदातच कळतात का, यावर काम लवकर होणे अवलंबून असते. चूक नेमक्या कोणत्या कागदापासून सुरू झाली ही पहिली गोष्ट आणि बरोबर नाव विद्यापीठाच्या स्वतःच्या कोणत्या नोंदीत आहे ही दुसरी. विद्यापीठ तुमचे नाव तुमच्या सांगण्यावरून दुरुस्त करत नाही, स्वतःच्या दप्तरातील नोंदीशी ताडून दुरुस्त करते. म्हणून पत्राला हात घालण्यापूर्वी अर्धा तास कागद तपासण्यासाठी द्या.

सगळे कागद तारखेच्या क्रमाने टेबलावर मांडा: दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज, परीक्षा अर्जाची प्रत, पहिल्या ते सहाव्या सत्राच्या गुणपत्रिका, पदवी मिळण्यासाठी भरलेला अर्ज आणि शेवटी पदवी. प्रत्येक कागदावरील नाव बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. आपलेच नाव वाचताना डोळा पुढे सरकतो आणि चूक दिसत नाही, म्हणून शक्य असल्यास दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. तुमच्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे पदवीसाठी भरलेला अर्ज, आणि त्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. हा अर्ज बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरला जातो आणि त्याची छापील प्रत किंवा पीडीएफ आपल्याकडे राहते. ती उघडून पाहा. तिथे VAISHNAVI असेल तर चूक छपाईच्या वेळची, म्हणजे विद्यापीठाची आहे. तिथेच VAISHANVI असेल तर घाईत टंकताना दोन अक्षरे उलटसुलट झाली आणि पदवी त्या अर्जाप्रमाणेच छापली गेली.

दुसरी शक्यता निघाली तर ती लपवू नका. कर्मचारी तुमचा अर्ज पडद्यावर उघडून पाहणारच आहे, आणि पत्रात ‘विद्यापीठाच्या चुकीमुळे’ असे लिहिलेले असताना अर्जातच चूक दिसली, तर पत्र शेरा मारून परत येते. त्याऐवजी ‘ऑनलाइन अर्ज भरताना माझ्याकडून टंकलेखनाची चूक झाली, तथापि विद्यापीठाने दिलेल्या सहाही गुणपत्रिकांवर नाव अचूक आहे’ असे लिहिल्यास काम होते, फक्त शुल्क भरावे लागते. चूक विद्यापीठाची असेल तर दुरुस्ती विनाशुल्क मिळावी अशी विनंती जरूर करा. तरीही खिडकीवर शुल्क मागितले आणि तुम्हाला नोकरीसाठी पदवी तातडीने हवी असेल, तर माझा सल्ला असा की शुल्क भरून पावती घ्या, अर्जावर तशी नोंद ठेवा आणि पैशाचा वाद नंतर स्वतंत्र पत्राने चालवा.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांच्या बाबतीत हमखास आढळणारी एक स्थिती इथेच सांगते. चूक पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेपासूनच असेल, तर फक्त पदवीच्या दुरुस्तीचा अर्ज करून उपयोग होत नाही. विद्यार्थ्याचे नाव प्रवेशानंतर पात्रता विभागात नोंदले जाते, त्याला कायम नोंदणी क्रमांक मिळतो आणि पुढची प्रत्येक गुणपत्रिका त्याच नोंदीवरून निघते. अशा वेळी आधी महाविद्यालयामार्फत ती नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते, मग गुणपत्रिका आणि सर्वांत शेवटी पदवी. चूक दहावीच्या प्रमाणपत्रातच असेल तर विद्यापीठाकडे जाण्यात अर्थ नाही. तो मार्ग शाळेतून माध्यमिक शिक्षण मंडळाकडे जातो. विद्यापीठाच्या दृष्टीने नावाचा पाया दहावीचे प्रमाणपत्र हाच असतो. आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा पारपत्रावर नाव वेगळे आहे म्हणून पदवी त्याप्रमाणे करून द्या, ही मागणी टिकत नाही, कारण ते कागद ओळख पटवण्यासाठी आहेत, शैक्षणिक नोंदीचा पुरावा म्हणून नाहीत.

हाच नियम देवनागरी नावालाही लागू आहे. एका विद्यार्थ्याला पदवीवरील ‘सुनिल’ हे नाव अशुद्ध वाटले आणि शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे ‘सुनील’ करून हवे होते. नियमाबाबत तो बरोबर होता, परंतु त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच ‘सुनिल’ होते. त्यामुळे विद्यापीठाच्या दृष्टीने पदवीत चूक नव्हती आणि अर्ज नाकारला गेला. नावाचे शुद्ध रूप कोणते हे व्याकरण ठरवत नाही, पहिली अधिकृत नोंद ठरवते.

आता पत्राच्या शब्दांविषयी. विषयाच्या ओळीत ‘दुरुस्ती’ हाच शब्द लिहा, ‘बदल’ लिहू नका. हा फरक शब्दांचा वाटतो, पण कार्यालयात त्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. नावात बदल म्हणजे माणसाने आपले नाव बदलले आहे असे मानले जाते आणि त्यासाठी शासकीय राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत मागितली जाते. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने मला न दाखवता थेट पत्र पाठवले. तिच्या आडनावात एक अक्षर गळले होते, पण तिने विषयात ‘नावात बदल करून मिळणेबाबत’ असे लिहिले. पत्र नावबदलाच्या टेबलावर गेले, तिथून राजपत्राची मागणी आली, आणि ती बिचारी एका अक्षरासाठी राजपत्रात जाहिरात देण्याच्या तयारीला लागली. तिने मला ते सांगितले तेव्हा पाच महिने गेले होते. नवे पत्र ‘मुद्रणदोषाची दुरुस्ती’ या विषयाने पाठवले आणि त्याच कागदपत्रांवर काम झाले.

तसाच दुसरा शब्द आहे ‘दुय्यम प्रत’. पदवी हरवली किंवा फाटली तर दुय्यम प्रत मिळते, तिच्यासाठी वेगळा अर्ज असतो, प्रतिज्ञापत्र लागते, हरवली असल्यास पोलिसांकडील नोंदही मागतात, आणि नव्या कागदावर ती दुय्यम प्रत असल्याचा शिक्का येऊ शकतो. खिडकीवरचा कर्मचारी गर्दीत ‘नवीन पदवी पाहिजे’ एवढेच ऐकून हाच अर्ज पुढे करतो. तुम्हाला दुय्यम प्रत नको आहे. तुम्हाला चुकीची पदवी परत करून तिच्या जागी दुरुस्त पदवी हवी आहे, आणि पत्रात ते याच शब्दांत यायला हवे.

पत्र कोणाच्या नावे लिहायचे, तर महाराष्ट्रातील अकृषी सार्वजनिक विद्यापीठांत २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमापासून परीक्षांच्या कामाचे प्रमुख ‘संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ’ असतात. पूर्वी या पदाला परीक्षा नियंत्रक म्हणत आणि जुन्या नमुन्यांत तेच पदनाम अजून दिसते. कुलगुरूंच्या नावे पत्र लिहिण्याचा मोह टाळा. ते पत्र फिरत फिरत शेवटी परीक्षा विभागातच येते, मधले दिवस मात्र वाया जातात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दुरुस्तीचा ठरावीक नमुना असेल तर तो भराच, पण पत्र त्याला जोडा. नमुन्यातील दोन बोटांच्या चौकटीत चूक कुठून आली हे सांगायला जागा नसते.

पत्र महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत पाठवणे चांगले. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमचे नाव कसे आहे याचा दाखला प्राचार्यांच्या अग्रेषण पत्रातून आपोआप मिळतो आणि विद्यापीठाला तुमची ओळख वेगळी पटवावी लागत नाही. तुम्ही परगावी आहात, म्हणून स्वाक्षरी केलेले पत्र आणि जोडपत्रे महाविद्यालयाला पाठवून कार्यालयाशी फोनवर बोलून घ्या. तुमच्या प्रकरणासाठी मी पत्र असे लिहून घेतले असते:

दिनांक: ……

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
…… विद्यापीठ, ……

मार्फत: मा. प्राचार्य, …… महाविद्यालय, ……

विषय: पदवी प्रमाणपत्रावरील रोमन लिपीतील नावाच्या मुद्रणदोषाची दुरुस्ती होऊन दुरुस्त प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ: बी.कॉम. पदवी प्रमाणपत्र क्रमांक ……, कायम नोंदणी क्रमांक ……, अंतिम परीक्षेचा आसन क्रमांक ……, परीक्षा: महिना …… वर्ष ……

महोदय / महोदया,

मी आपल्या विद्यापीठाची बी.कॉम. परीक्षा वर नमूद केलेल्या आसन क्रमांकाने उत्तीर्ण झाले असून मला संदर्भीय पदवी प्रमाणपत्र दिनांक …… रोजी टपालाने प्राप्त झाले. सदर प्रमाणपत्रावर माझे पहिले नाव देवनागरीत ‘वैष्णवी’ असे अचूक असून रोमन लिपीत मात्र पुढीलप्रमाणे चुकीचे मुद्रित झाले आहे.

प्रमाणपत्रावर मुद्रित झालेले नाव: VAISHANVI
अचूक नाव: VAISHNAVI

म्हणजेच सहावे व सातवे अक्षर (N आणि A) यांची अदलाबदल झाली आहे. वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव व इतर सर्व तपशील अचूक आहेत.

विद्यापीठाने निर्गमित केलेल्या सत्र १ ते ६ च्या सर्व गुणपत्रिकांवर, पदवीसाठी मी सादर केलेल्या अर्जावर तसेच दहावीच्या प्रमाणपत्रावर माझे नाव VAISHNAVI असेच आहे. त्यांच्या स्वयंसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत.

तरी विद्यापीठाच्या पदवी नोंदवहीतील व संगणकीय नोंदीतील माझे नाव दुरुस्त करून, त्याच परीक्षेचे, त्याच वर्षाचे व श्रेणीचे दुरुस्त पदवी प्रमाणपत्र मला विनाशुल्क मिळावे, तसेच राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात म्हणजे डिजिलॉकरमध्ये माझी पदवी उपलब्ध केली असल्यास तेथील नोंदही दुरुस्त व्हावी, ही विनंती. सदोष मूळ प्रमाणपत्र मी परत करण्यास तयार असून ते जमा करताना लेखी पोच मिळावी.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
वैष्णवी ……
पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, ई-मेल

सोबत: १) सदोष पदवी प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत २) सत्र १ ते ६ च्या गुणपत्रिकांच्या प्रती ३) पदवीसाठीच्या अर्जाची प्रत ४) दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत ५) ओळखपत्राची प्रत

पदवीसाठीच्या अर्जात तुमचीच चूक निघाली, तर चौथ्या परिच्छेदातून त्या अर्जाचा उल्लेख काढून मघाशी दिलेले वाक्य तिथे घाला, शेवटच्या परिच्छेदात ‘विनाशुल्क’ऐवजी ‘नियमानुसार शुल्क आकारून’ असे लिहा आणि विषयात ‘मुद्रणदोषाची’ऐवजी ‘टंकलेखनदोषाची’ असा शब्द ठेवा.

या पत्रातील दोन वाक्यांकडे लक्ष द्या. चुकीचे आणि बरोबर नाव स्वतंत्र ओळींवर, एकाखाली एक लिहिले आहे आणि नेमकी कोणती अक्षरे चुकली हे अंकांनी सांगितले आहे. हे मला फार उशिरा सुचले. नऊ अक्षरांच्या या दोन शब्दांत फरक इतका बारीक आहे की दुरुस्ती करणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि मग ‘नाव बरोबर आहे’ असा शेरा मारून अर्ज परत येतो. ‘इतर सर्व तपशील अचूक आहेत’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी मात्र ते खरोखर तपासा, कारण महिनाभराने आईच्या नावातही चूक सापडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरे वाक्य नोंदवही आणि संगणकीय नोंद यांविषयीचे. माझ्या मते संपूर्ण पत्रात हेच सर्वांत मोलाचे आहे आणि लोक नेमके तेच विसरतात. नवा कागद हाती आला म्हणजे काम झाले असे वाटते. पण पुढे एखादी कंपनी किंवा परदेशी विद्यापीठ तुमच्या पदवीची पडताळणी करण्यासाठी विद्यापीठाला विचारते, तेव्हा उत्तर तुमच्या हातातील कागदावरून नव्हे, दप्तरातील नोंदीवरून जाते. नोंद जुनीच राहिली असेल तर पडताळणीत ‘नाव जुळत नाही’ असे उत्तर जाऊ शकते, आणि संशय तुमच्यावर येतो. डिजिलॉकरचेही तसेच आहे. तिथली पदवी विद्यापीठाने चढवलेली असते, त्यामुळे ती दुरुस्त करणे विद्यापीठाच्याच हातात असते. दुरुस्त पदवी मिळाल्यावर काही दिवसांनी डिजिलॉकर उघडून स्वतः खात्री करा.

मूळ पदवी पाठवावी का, या प्रश्नाचे उत्तर असे की, पहिल्या पत्रासोबत पाठवू नका. आधी प्रती पाठवा आणि विद्यापीठाने मागितल्यावरच मूळ प्रमाणपत्र द्या. दुरुस्त पदवी देताना ते जुनी परत घेणारच, कारण एकाच पदवीची दोन प्रमाणपत्रे बाहेर राहू शकत नाहीत. देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन करून ठेवा. शक्य असेल तर स्वतः किंवा महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यामार्फत हस्ते जमा करा. टपालानेच पाठवायची असेल तर स्पीड पोस्टने, आत पुठ्ठा घालून, घडी न घालता पाठवा. पोच घेताना नुसता शिक्का पुरेसा नाही. ‘मूळ पदवी प्रमाणपत्र क्रमांक अमुक जमा’ असे शब्द आणि आवक क्रमांक त्यावर हवा. दरम्यान तुमच्या कंपनीने मूळ पदवी मागितली, तर ही पोच आणि उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दाखवता येते.

तोपर्यंत पदवीला लॅमिनेशन करू नका, आणि चुकीच्या अक्षरावर पेनाने काही खूण करू नका, पेन्सिलीनेही नाही. खाडाखोड झालेले प्रमाणपत्र आले की मुद्रणदोषाचा साधा अर्ज छेडछाडीच्या शंकेत अडकतो. चूक दाखवायची असेल तर झेरॉक्स प्रतीवर गोल करा.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींसाठी एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे. पदवी परीक्षेच्या वेळच्या नावानेच निघते आणि तशीच राहते. अक्षराची चूक दुरुस्त करून घेताना ‘त्यासोबत सासरचे आडनावही लावून द्यावे’ असे पत्रात लिहिले, तर दुरुस्तीचे प्रकरण पुन्हा नावबदलाच्या टेबलावर जाते. पत्रावर परीक्षेच्या वेळच्या नावाने सही करा. ओळखपत्रावर आता सासरचे आडनाव असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि एका वाक्यात त्याचे कारण सांगा.

पत्र पोचल्यानंतर आवक क्रमांक जपून ठेवा. पुढचा सगळा पाठपुरावा त्याच क्रमांकावर चालतो. तीन आठवड्यांत काही कळले नाही तर त्या क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र पाठवा, त्यात मूळ पत्रातील मजकूर पुन्हा लिहिण्याची गरज नाही, फक्त मूळ पत्राची पोच जोडा. दुसऱ्या स्मरणपत्रानंतरही शांतता असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज हा योग्य मार्ग आहे, पण तो नीट लिहायला हवा. ‘माझी पदवी का दुरुस्त झाली नाही’ असा प्रश्न त्यात चालत नाही, कारण माहिती अधिकारात अस्तित्वात असलेली माहिती मागायची असते. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत मिळावी आणि सदर अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम मिळावे’ असे विचारा. अर्जाचे शुल्क दहा रुपये असते आणि जन माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझ्या अनुभवात असा अर्ज दाखल झाल्यावर कित्येकदा उत्तराऐवजी दुरुस्त पदवीच आली, कारण प्रत काढण्यासाठी फाइल कोणीतरी शोधून उघडावी लागली.

पदवी घ्यायला जाल किंवा कोणाला पाठवाल, तेव्हा खिडकीवरून हलण्यापूर्वी ती पूर्ण वाचा. आमच्या एका विद्यार्थ्याचे नाव दुरुस्त होऊन आले, पण नव्या छपाईत श्रेणी बदलली होती: प्रथम श्रेणीच्या जागी द्वितीय श्रेणी. तो घरी गेल्यावर वडिलांनी ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा विद्यापीठात गेले. नोंदवहीत सही झालेली असल्यामुळे आता नवा अर्ज करा असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून नाव दोन्ही लिप्यांत, आईचे नाव, परीक्षेचा महिना आणि वर्ष, श्रेणी आणि विषय हे जुन्या पदवीच्या स्कॅनशी मोबाइलवर ताडून पाहा, आणि मगच वहीत सही करा. तुमच्या वतीने दुसरे कोणी जाणार असेल तर त्यांच्याजवळ तुमचे अधिकारपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि VAISHNAVI हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद द्या. चुकीच्या पदवीवर तुम्ही आधीच परदेशासाठी अपोस्टिल करून घेतले असेल, तर ते जुन्या कागदासोबतच संपते. नव्या पदवीवर ते पुन्हा करून घ्यावे लागेल, म्हणून त्याचा वेळ आणि खर्च आत्ताच हिशेबात धरा.